चक्कर कानाची का मायग्रेनची? आधी घड्याळ बघा

नागपुरात चक्करचा पेशंट आमच्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्या फाइलमध्ये मानेचा एक्स-रे हमखास असतो. मी धंतोलीतल्या एका कान-नाक-घसा क्लिनिकमध्ये ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या आणि बॅलन्सच्या टेस्ट करते, औषध लिहून देणं माझं काम नाही. पण टेस्ट करता करता पेशंटशी अर्धा-पाऊण तास बोलणं होतं आणि त्या बोलण्यात जे निघतं ते मशीनमध्ये निघत नाही. आज एकाच गोष्टीबद्दल लिहिते, व्हेस्टिब्युलर मायग्रेन, म्हणजे मायग्रेनमुळे येणारी चक्कर, कारण वारंवार चक्कर येण्याच्या कारणांमधलं हे एक मोठं कारण आहे आणि तरी लोकांना माहीतच नाही. लोकांचा हिशेब सरळ असतो, चक्कर आली म्हणजे एकतर मान, नाहीतर बीपी, नाहीतर कान, आणि मायग्रेन म्हणजे डोकं दुखणं, ते वेगळं. डोकं न दुखताही मायग्रेन येऊ शकतो हे सांगितलं की समोरचा माणूस असा बघतो जसं काही मी थापा मारून राहिली.

एका मॅडमचं उदाहरण घेऊन सांगते, म्हणजे नीट कळेल. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. वय ४१, शाळेत शिकवतात, मानेवाड्याकडे राहतात, शाळा महालात. दोन वर्षांपासून अधूनमधून चक्कर. सुरुवात पेपर तपासताना झाली, मान खाली घालून तास-दोन तास बसल्या, मान आखडली आणि मग सगळं गरगरायला लागलं, उलटी झाली, दिवसभर पडून होत्या. एक्स-रे काढला, मणक्यात थोडी झीज दिसली (चाळिशीनंतर अशी झीज कोणाच्याही एक्स-रेत दिसू शकते, ज्याला कधी चक्कर आली नाही त्याच्याही), आणि स्पॉन्डिलिसिस म्हणून कॉलर मिळाला. कॉलरने काही झालं नाही. मग दुसरीकडे सांगितलं की कानाचा प्रॉब्लेम आहे, कानात पाणी वाढलं, मीठ बंद करा आणि बीटाहिस्टिनच्या गोळ्या रोज तीनदा. मग आणखी कोणीतरी डोकं इकडेतिकडे फिरवून तो एप्लीचा व्यायाम करून दिला, दोनदा. शेवटी एमआरआय, त्यात मेंदूत दोन-तीन बारीक पांढरे ठिपके, आणि रिपोर्टमधली इंग्रजी वाचून घरच्यांना रात्रभर झोप नाही.

आता यात कोणी मुद्दाम चूक केली असं मी म्हणत नाही. चक्कर हा प्रकारच असा आहे की पेशंट सांगताना गोंधळतो. कोणी म्हणतं खोली फिरून राहिली, कोणी म्हणतं मीच हलून राहिलो, कोणी म्हणतं डोक्यात हलकं वाटतं, आणि तोच माणूस पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारलं तर वेगळंच सांगतो. म्हणून चक्कर कशी वाटते यावर आम्ही फार विसंबत नाही. दोन प्रश्न जास्त कामाचे, एका वेळेस किती वेळ टिकते आणि कशामुळे सुरू होते.

वेळेचंच घ्या. कानाची सगळ्यात कॉमन चक्कर म्हणजे बीपीपीव्ही. आतल्या कानात बॅलन्सचे जे भाग असतात त्यातल्या एकात कॅल्शियमचे अगदी बारीक कण असतात, ते जागेवरून सुटून बाजूच्या अर्धगोल नळीत शिरले की डोकं हललं की ते पण सरकतात आणि मेंदूला खोटा निरोप जातो की तुम्ही फिरताय. अंथरुणावर कूस बदलली, वर माळ्यावरचा डबा काढायला मान मागे टाकली, की जोरदार गरगर, पण ती काही सेकंद, फार तर मिनिटभर. भीती आणि मळमळ नंतर तासभर राहील पण खोली फिरणं मिनिटात थांबतं. याला एप्लीचा व्यायाम म्हणजे जादू आहे, बऱ्याच वेळा एका बैठकीत काम होतं. दुसरा आजार मेनिएर, फ्रान्सच्या प्रॉस्पर मेनिएर या डॉक्टरने १८६१ मध्ये सांगितलं होतं की चक्कर आतल्या कानातूनही येऊ शकते, त्यांचं नाव पडलं. त्याचा अटॅक साधारण २० मिनिटं ते १२ तास. तिसरा, कानाच्या बॅलन्सच्या नसेला सूज, त्यात एकदाच जबरदस्त चक्कर येते, दिवसचे दिवस चालते, मग हळूहळू बसते, दर महिन्याला परत येत नाही.

आणि मायग्रेनची चक्कर? तिचा काही ठरावीक साचाच नाही. ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत काहीही, आणि एकाच माणसाला एकदा अर्धा तास, एकदा दोन दिवस. ही अनियमितता हीच खूण आहे म्हणा ना. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या कधी तासाभरात जाते, कधी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. म्हणजे मिनिटाच्या आतली बीपीपीव्ही इथेच बाद झाली, आणि दोनदा एप्ली करून काही फरक का पडला नाही तेही कळलं. मायग्रेनच्या चक्करमध्ये पण कूस बदलली की वाढल्यासारखं होतं, त्यामुळे फसगत होते, पण त्यात ज्या कुशीवर त्रास होतो त्याच कुशीवर पडून राहिलं तर तो बराच वेळ चालूच राहतो, मिनिटभरात विरत नाही. कोणाला तीन-चार वेळा एप्ली करूनही तसंच होऊन राहिलं असेल तर पाचव्यांदा करायच्या आधी मायग्रेनचा विचार करायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

मग राहिला मेनिएर, कारण तासांचा हिशेब त्याच्याशी जुळतो. इथे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या टेस्टचा आलेख, कामी येतो. मेनिएरमध्ये आतल्या कानातल्या पाण्याचा दाब वाढतो असं मानतात, आणि त्याचा फटका ऐकण्याला बसतो, बहुतेक वेळा एकाच कानाला, आणि सुरुवातीला खालच्या जाड आवाजांना, म्हणजे २५०, ५००, १००० हर्ट्झच्या आसपास. अटॅकच्या वेळी तो कान भरल्यासारखा होतो, घोंघावतो, ऐकू कमी येतं, अटॅक गेला की परत सुधारतं, पण वर्षानुवर्षं असं होत राहिलं की ऐकणं कायमचं उतरत जातं. म्हणून ऑडिओग्रामवर त्या कानाची रेघ डावीकडे खाली गेलेली दिसते. मॅडमचे दोन ऑडिओग्राम होते, दीड वर्षाच्या अंतराने काढलेले, दोन्ही कान दोन्ही वेळेस १० ते १५ डेसिबलच्या आत, म्हणजे एकदम नॉर्मल, आणि एकावर एक ठेवले तर रेघा जुळतात. दोन वर्षं वारंवार अटॅक येऊनही कानाला ओरखडा नाही, तर मेनिएरची शंका बरीच कमी होते. पूर्ण जात नाही, कारण सुरुवातीच्या मेनिएरमध्ये दोन अटॅकच्या मधे ऐकणं नॉर्मल येऊ शकतं. म्हणून मी मॅडमना सांगितलं की पुढच्या अटॅकला शक्य झालं तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या, त्याच वेळी टेस्ट करू. त्या आल्या, पुतण्या गाडीवर धरून घेऊन आला, आणि टेस्ट तेव्हाही तशीच नॉर्मल.

एक गोष्ट मात्र इथे गोंधळ करते. मॅडम म्हणायच्या की मला पण कानात शिट्टी वाजते आणि कान दाटतो, म्हणूनच तर कानाचा आजार म्हटलं होतं. खरं आहे, मायग्रेनच्या चक्करमध्येही कान वाजतो, दाटतो, थोडं कमी ऐकू आल्यासारखं वाटतं. कारण चेहऱ्याची जी मोठी नस, ट्रायजेमिनल, मायग्रेनमध्ये भडकते तिच्या फांद्या आतल्या कानाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातात, आणि मेंदूच्या देठात तिची केंद्रं आणि बॅलन्सची केंद्रं एकमेकांशी जोडलेली आहेत. फरक असा की मायग्रेनमध्ये हे जास्त करून दोन्ही कानांत होतं, हलकं असतं, आणि मागे काही ठेवून जात नाही. दर वेळेस एकच कान, आणि त्या कानाने फोनवर बोलणं कळत नाही असं असेल तर मात्र मी मायग्रेनचं नावही घ्यायच्या आधी मेनिएर तपासते.

आता मायग्रेनच्या बाजूने काय आहे ते बघू. मॅडमना सरळ विचारलं, मायग्रेन आहे का, तर उत्तर आलं, नाही हो, मला कधीच नव्हतं. हे उत्तर दहातले सात जण देतात आणि ते ऐकून थांबलं की सगळं हुकतं. म्हणून मी विचारते, पित्ताचा त्रास आहे का? लगेच चेहरा खुलतो. हो ना, कॉलेजपासून पित्त आहे, पाळीच्या आधी व्हायचंच, उन्हातून आलं की व्हायचं, अर्धं डोकं ठणकायचं, उलटी झाली की पित्त पडून जायचं आणि मोकळं वाटायचं. लहानपणी एसटीत बसलं की पिशवी हातात धरून बसायच्या, चिखलदऱ्याचा घाट तर चढूच शकल्या नाही. आईलाही तसंच पित्त होतं, डोक्याला रुमाल बांधून अंधारात झोपायची. अर्धं डोकं, ठणका, हललं की वाढणं, मळमळ, उजेड नको, सहा-आठ तास ते दोन दिवस टिकणं, हे सगळं मायग्रेनचंच वर्णन आहे, पोटातल्या ॲसिडचं नाही. उलटी ही त्या अटॅकचा भाग आहे, कारण नाही. गाडी लागणं हेसुद्धा मायग्रेनवाल्यांमध्ये जास्त असतं. आपल्याकडे पित्ताच्या नावाखाली किती मायग्रेन दडलेत याचा विचार केला की कठीण वाटतं, कारण आयुष्यभर माणूस सकाळी ॲसिडिटीची गोळी खात राहतो.

बऱ्याच बायकांमध्ये असं दिसतं की विशी-तिशीत डोकं दुखायचं, मग चाळिशीकडे डोकं दुखणं कमी होतं आणि त्याची जागा चक्कर घेते. म्हणून त्या म्हणतात की माझं पित्त तर आता बरं झालं, हे काहीतरी नवीन आहे. मॅडमचंही अगदी तसंच. चक्करसोबत डोकं दुखतं का, तर क्वचित. पण चक्करच्या वेळी पडदे ओढून घेता का विचारलं तर हो, ट्यूबलाइट सहन होत नाही, मोबाइलची स्क्रीन सहन होत नाही, कुकरची शिट्टी आणि कुलरचा घरघराट डोक्यात घुसतो. कुलर बंद करावा तर मे महिना, नागपूरचा मे, पारा ४५ च्या वर, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. हेच उजेड आणि आवाज नको होणं डोकेदुखी नसतानाही मायग्रेनची साक्ष देतं. मान आखडणं पण त्यातलंच, मायग्रेन यायच्या काही तास आधी मान जड होणं अतिशय कॉमन आहे, त्यामुळे पेपर तपासताना मान आखडली म्हणून चक्कर आली असं वाटलं पण बहुतेक उलटं होतं, अटॅक सुरू झाला होता म्हणून मान आखडली.

मेंदूत नेमकं काय होतं याचा पूर्ण उलगडा झालेला नाही पण साधारण असं समजा. बॅलन्ससाठी मेंदू तीन ठिकाणची माहिती जुळवत असतो, कान, डोळे, आणि पाय-मानेच्या स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव. मायग्रेनवाल्या मेंदूचा स्वभावच असा की येणारी प्रत्येक माहिती त्याला जास्त जोरात ऐकू येते, रेडिओचा व्हॉल्यूम कोणीतरी वाढवून ठेवावा तसा. रोजच्या दिवशी ते निभतं. झोप कमी झाली, हार्मोन खालीवर झाले, उपाशी राहिलं, की तो सगळा तोल बिघडतो आणि नॉर्मल कानातून येणारी नॉर्मल माहितीसुद्धा गरगर वाटायला लागते. त्यामुळेच अशा लोकांना अटॅक नसतानाही बर्डीच्या गर्दीत, मॉलमध्ये दोन्ही बाजूंना भरलेल्या रॅकमधून चालताना, मेट्रोच्या खिडकीतून पटापट मागे जाणारे खांब बघताना कसंतरी होतं.

टेस्टबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. एवढी चक्कर येते तर मशीनमध्ये काहीतरी दिसेलच ना. आम्ही डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा लावून बघतो, कानात गरम-थंड पाणी किंवा हवा सोडून बघतो (ही कॅलरिक टेस्ट रॉबर्ट बारानी यांच्या कामातून आली, त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं होतं), आणि दोन अटॅकच्या मधे मायग्रेनवाल्या पेशंटचे रिपोर्ट बहुतेक नॉर्मल नाहीतर किरकोळ फरकाचे येतात. व्हेस्टिब्युलर मायग्रेन सिद्ध करणारी कोणतीही रक्ताची टेस्ट, स्कॅन, मशीन नाही. टेस्ट करायच्या त्या दुसरे आजार बाजूला काढायला. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे चक्कर खोटी आहे किंवा टेन्शनने आहे असा अर्थ घरचे काढतात, तो चुकीचा आहे. आणि ते एमआरआयचे पांढरे ठिपके? मायग्रेन असलेल्या लोकांत ते अनेकदा दिसतात, एवढ्यावरून काही भयंकर ठरत नाही, न्यूरोलॉजिस्टने बघून सांगितलं की सोडून द्यायचं.

मग निदान कशावर होतं? डायरीवर. बॅलन्सच्या आजारांवर काम करणाऱ्या बारानी सोसायटीने आणि जागतिक डोकेदुखी संघटनेने मिळून २०१२ मध्ये नियम ठरवले, ते आजही साधारण तसेच आहेत. किमान ५ अटॅक, प्रत्येक ५ मिनिटं ते ७२ तास, रोजच्या कामात अडथळा येईल इतके जोराचे. आत्ता किंवा पूर्वी कधी मायग्रेन असलेला. आणि निम्म्या तरी अटॅकमध्ये मायग्रेनची एखादी खूण सोबत, म्हणजे मायग्रेनसारखी डोकेदुखी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं, किंवा डोळ्यांसमोर चमकत्या वाकड्यातिकड्या रेघा. आणि हे सगळं दुसऱ्या आजाराने जास्त चांगलं समजावता येत नसलं पाहिजे. यातलं मायग्रेनचा इतिहास नाहीतर सोबतची खूण, दोन्हीतलं एकच जुळलं तर डॉक्टर पक्कं न म्हणता संभाव्य म्हणतात.

मॅडमनी तीन महिने शाळेच्या जुन्या कॅटलॉगच्या मागच्या पानांवर लिहून काढलं, शिक्षिका असल्यामुळे नीट रकाने आखून. आठ अटॅक निघाले. सगळ्यात छोटा चाळीस मिनिटांचा, सगळ्यात मोठा दीड दिवसाचा. दोनदा डोकं दुखलं, दोन्ही वेळेस उजव्या बाजूने ठणका. आणखी चार वेळा डोकं नाही पण उजेड आणि आवाज दोन्ही असह्य. उरलेल्या दोनमध्ये नुसती चक्कर. म्हणजे आठापैकी सहा, निम्म्याच्या वर. पित्त म्हणून ओळखलेला मायग्रेन कॉलेजपासून. ऑडिओग्राम नॉर्मल, अटॅकच्या वेळचाही. कोडं तिथेच सुटलं. ट्रिगरच्या रकान्यात तीन पाळीच्या एक-दोन दिवस आधी, दोन उपाशीपोटी (एक चतुर्थीचा उपवास, एक शाळेच्या मीटिंगमध्ये डबाच खाल्ला नाही), एक रात्री दोनपर्यंत चाललेल्या लग्नाच्या रिसेप्शननंतर, तिथे डीजेच्या फिरत्या लाइटही होत्या. दोन वेळेस काहीच सापडलं नाही, आणि तसं होतं, प्रत्येक अटॅकला कारण शोधत बसायची गरज नाही. तर्री पोह्यांवर संशय घेऊन त्यांनी बिचाऱ्यांनी वर्षभर पोहे सोडले होते, डायरीत पोह्यांचा काही हात दिसला नाही.

न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं तेव्हा पहिल्यांदा काही गोष्टी बंद झाल्या. मिठाचं पथ्य आधी. मीठ कमी करणं हा मेनिएरसाठीचा सल्ला आहे, मायग्रेनचा नाही, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने शरीरातलं मीठ-पाणी जात असताना मीठ पार तोडलं तर उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी यायची ती वेगळीच चक्कर सुरू होते. (बीपी असलेल्यांनी मात्र माझ्या सांगण्यावरून मीठ वाढवू नका, तुमच्या डॉक्टरांचं ऐका.) बीटाहिस्टिनही थांबलं. ही गोळी आपल्याकडे चक्कर शब्द ऐकला की लिहिली जाते, आणि ज्या मेनिएरसाठी ती प्रसिद्ध आहे त्यातही २०१६ मध्ये छापून आलेल्या जर्मनीतल्या मोठ्या ट्रायलमध्ये खोट्या गोळीपेक्षा ती सरस ठरली नाही, सगळ्याच गटांचे अटॅक सारखेच कमी झाले. तिसरं, प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिनसारख्या चक्कर दाबणाऱ्या गोळ्या. अटॅकच्या दिवशी, फार तर दोन-तीन दिवस ठीक, उलटी थांबते, झोप लागते. महिनोन्महिने घेतल्या तर मेंदू स्वतःचा तोल सावरायला शिकतच नाही, आणि म्हाताऱ्या माणसांत हात थरथरणं, चाल मंदावणं असं पार्किन्सनसारखं होऊ शकतं. घरातले आजोबा वर्षभर ही गोळी खाऊन राहिले असतील तर जाऊन विचारा एकदा.

मग अटॅक टाळायचं औषध. इथे खरं सांगायचं तर खास या चक्करवर झालेल्या चांगल्या ट्रायल फार कमी आहेत, मेटोप्रोलॉलवर झालेल्या एकीत फायदा दिसला नाही, त्यामुळे डॉक्टर मायग्रेनच्या नेहमीच्या औषधांतून पेशंट बघून निवडतात. प्रोप्रॅनोलॉल आधी सुचतं पण मॅडमना दमा, त्यात ते चालत नाही. फ्लुनारिझिन भारतात बरंच वापरतात पण ते वजन वाढवतं आणि मन उदास करू शकतं, मॅडमना बाळंतपणानंतर डिप्रेशन येऊन गेलेलं, म्हणून तेही बाजूला. टोपिरामेटने मुतखड्याचा धोका, त्यांचा एक खडा आधीच निघालेला. शेवटी ॲमिट्रिप्टिलिन, रात्री झोपताना १० मिलिग्रॅम, मग हळूहळू २५. याचा अर्थ ही गोळी चांगली आणि बाकीच्या वाईट असा नाही, मॅडमच्या शेजारणीला कदाचित प्रोप्रॅनोलॉलच लागू पडेल, म्हणून कोणाची चिठ्ठी बघून गोळी आणू नका. पहिला महिना तोंड कोरडं आणि सकाळी झापड, मॅडम वैतागून सोडणारच होत्या. ही औषधं दोन-तीन महिने नीट घेतल्याशिवाय लागू पडली की नाही सांगता येत नाही, पहिल्या पंधरा दिवसांत निकाल मागणारे सगळे अर्धवट सोडतात. चौथ्या महिन्यात महिन्याला अडीच-तीन अटॅकचा एक झाला, आणि तोही दुपारभराचा. पूर्ण बंद झाले का, नाही. निम्म्यावर आले तरी डॉक्टर त्याला यश म्हणतात.

अटॅकच्या दिवसासाठी मळमळीची गोळी, डोकं दुखलं तर दुखण्याची, आणि अंधार, शांतता, झोप. साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, दोन-तीन औषधं मिसळलेली असेल तर १० दिवसच, असं महिनोन्महिने चाललं की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं, हे कोष्टक डायरीतच एका रकान्यात ठेवा. रोजच्यात झोपेची वेळ सुटीच्या दिवशीही तीच, आणि जेवण चुकवायचं नाही. उपवासाबद्दल मॅडमनी स्वतःच मार्ग काढला, उपवास करतात पण दर तीन तासांनी फळं, दूध, ताक. निर्जळी बंद. उन्हात गॉगल जरूर घाला, घरात मात्र काळा चष्मा लावून बसू नका, डोळे अंधाराला सरावले की साधा उजेडही जास्त टोचतो.

काही चक्कर मात्र डायरी लिहीत बसायच्या नसतात. आयुष्यात पहिल्यांदाच अचानक जोरदार चक्कर आणि सोबत बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं, हातापायात कमजोरी, किंवा आधाराशिवाय दोन पावलंही टाकता न येणं, यात मेंदूच्या मागच्या भागाचा स्ट्रोक असू शकतो, १०८ लावा आणि मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटल, जे जवळ असेल ते गाठा. साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका, मागच्या भागातला ताजा स्ट्रोक त्यात बरेचदा दिसत नाही. क्षणात टोकाला पोचलेली आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, तीही तशीच. आणि एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं, चक्कर असो नसो, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा, कारण त्यात स्टिरॉइड जितकं लवकर सुरू होईल तितकं ऐकणं वाचायची शक्यता जास्त.

मॅडमना मी वर्षातून एकदा ऑडिओग्रामला बोलावते. त्यांना प्रश्न पडला की निदान झालं, औषध लागू पडलं, मग आता कान कशाला तपासायचा. कारण हे आजार एकमेकांना वर्ज्य नाहीत. मायग्रेनवाल्यांना बीपीपीव्ही इतरांपेक्षा जास्त होतो, आणि मेनिएर व मायग्रेन एकाच माणसात सापडणं तर नेहमीचं आहे. गेल्या वेळेस त्यांनी डायरीत एक वेगळी नोंद दाखवली, पहाटे कूस बदलताना दहा-पंधरा सेकंद गरगर, उजेडाचा त्रास नाही, आणि नेमकी डावीकडे वळतानाच. टेबलावर झोपवून डावीकडे डोकं वळवून बघितलं, दोन-तीन सेकंदांनी डोळे गरगर हलायला लागले आणि अर्ध्या मिनिटात थांबले. हा खरा बीपीपीव्ही होता. तिसऱ्यांदा एप्ली म्हटल्यावर त्या कंटाळून हसल्या, पण या वेळेस एका बैठकीत काम झालं, आणि मायग्रेनची गोळी जशीच्या तशी चालू ठेवली.